धूर, आग आणि ढग: ब्लेंड इफच्या स्लायडरने काळी-पांढरी पार्श्वभूमी कशी उडवायची

काळ्या पार्श्वभूमीवर टिपलेला धूर किंवा आग फोटोवर ठेवली की बहुतेक जण लगेच लेयरचा मोड Screen करतात आणि पुढे जातात. अनेकदा तेवढ्यावर भागतंही. पण उजळ भिंतीसमोर धूर दिसेनासा होतो, आगीभोवती फिकट चौकोन उमटतो, आणि निळ्या आकाशातले ढग Screen मध्ये सगळं आकाशच सोबत घेऊन येतात. अशा वेळी फोटोशॉपमधलं ब्लेंड इफ हाताशी लागतं. हे स्लायडर ओढायला फार सोपे आहेत, म्हणूनच ते अंदाजाने ओढले जातात. ते नेमके काय मोजतात हे कळलं, तर कोणता स्लायडर, कोणत्या चॅनेलमध्ये आणि किती ओढायचा, हे ओढायच्या आधीच ठरवता येतं. खाली तीन कामं घेतली आहेत: चुलीवरचा धूर, मशालीची आग आणि किल्ल्यामागचे ढग. तिघांची उत्तरं वेगवेगळी निघतात, आणि ती तशी का निघतात हेच मला सांगायचं आहे.

स्लायडर कुठे आहेत आणि काय मोजतात

ओव्हरलेची फाइल, म्हणजे फोटोवर चढवायचा धूर, आग किंवा ढग, तुमच्या फोटोच्या वरच्या लेयरवर ठेवा. लेयर पॅनेलमध्ये त्या लेयरच्या नावाच्या उजवीकडे जी मोकळी जागा असते, तिथे डबल क्लिक करा. नावावर डबल क्लिक केलं तर नाव बदलायची चौकट येते आणि स्मार्ट ऑब्जेक्टच्या छोट्या चित्रावर केलं तर आतली फाइल उघडते, म्हणून मोकळी जागाच हवी. ते जमत नसेल तर पॅनेलच्या तळाशी fx वर क्लिक करून Blending Options निवडा. उघडलेल्या चौकटीत तळाशी Blend If दिसेल, आणि शेजारी चॅनेलची यादी, जिच्यात सुरुवातीला Gray निवडलेलं असतं. त्याखाली दोन पट्ट्या असतात, वरची This Layer आणि खालची Underlying Layer. प्रत्येक पट्टीच्या डाव्या टोकाला, ० वर, काळा आणि उजव्या टोकाला, २५५ वर, पांढरा त्रिकोण असतो. पिक्सेलची किंमत म्हणजे याच मापावरचा त्याचा उजेड: ० ठार काळा, २५५ पूर्ण पांढरा.

वरची पट्टी ओव्हरलेच्या स्वतःच्या पिक्सेलकडे बघते. काळा त्रिकोण ३० वर नेला, तर ओव्हरलेमधले ३० पेक्षा गडद पिक्सेल दिसेनासे होतात. पांढरा त्रिकोण डावीकडे २२० वर आणला, तर २२० पेक्षा उजळ पिक्सेल जातात. खालची पट्टी ओव्हरलेखाली जे काही दिसतं आहे त्याकडे बघते. तिथे काळा त्रिकोण उजवीकडे नेला, की खालच्या फोटोतल्या गडद जागा ओव्हरलेच्या पुढे येतात. पिक्सेल कुठेही पुसले जात नाहीत, फक्त लपतात. त्यामुळे महिन्याभराने फाइल उघडूनही सगळं परत जागेवर आणता येतं.

एवढं करून थांबलात, तर धुराच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या दिसतील, कारण ३० ला पिक्सेल पूर्ण दिसतो आणि २९ ला पूर्ण जातो. म्हणून Alt दाबून, मॅकवर Option दाबून, त्रिकोणाचा अर्धा भाग ओढा. त्रिकोण दुभंगतो आणि वर ३०/९० असे दोन आकडे दिसतात. आता ३० च्या खालचं सगळं जातं, ९० च्या वरचं सगळं राहतं आणि मधलं हळूहळू विरत जातं. मधल्या पिक्सेलचा हिशोब ढोबळमानाने असा:

```
दिसण्याचं प्रमाण = (पिक्सेलची किंमत − डावा आकडा) ÷ (उजवा आकडा − डावा आकडा)
```

३०/९० ठेवलं असेल आणि पिक्सेलची किंमत ६० असेल, तर तो निम्मा दिसेल. ही एक ओळ लक्षात ठेवा, पुढे तिन्ही कामांत ती लागणार आहे.

या पट्ट्यांत आकडे टाइप करता येत नाहीत, ओढूनच जुळवावे लागतात. म्हणून कुठे थांबायचं ते आधी माहीत असलेलं बरं. चौकट उघडण्यापूर्वी F8 दाबून Info पॅनेल उघडा आणि आयड्रॉपर घेऊन ओव्हरलेवर माउस फिरवा. पार्श्वभूमीच्या चारही कोपऱ्यांतले आणि मधले R, G, B आकडे कागदावर लिहून घ्या. डोळ्यांना ठार काळी वाटणारी पार्श्वभूमी बऱ्याचदा शून्य नसते. एका कोपऱ्यात ६ आणि दुसऱ्यात १८ निघणं अगदी नेहमीचं आहे, कारण धुरावर टाकलेला दिवा थोडासा मागच्या कापडावरही पडलेला असतो. डावा आकडा यातल्या सर्वांत मोठ्या किमतीच्या थोडा वर हवा. १८ निघालं तर २२ च्या आसपास.

चुलीवरचा धूर: कडा मळकट का होतात

समजा फोटो गावाकडच्या स्वयंपाकघराचा आहे. खाली काळवंडलेली चूल आहे, तिची किंमत साधारण ४०. मागे चुन्याने पांढरी केलेली भिंत आहे, तिची किंमत साधारण २००. धुराचा ओव्हरले काळ्यावर टिपलेला, मोड Normal, आणि ब्लेंड इफमध्ये Gray वर २०/१०० ठेवलं. चुलीसमोर धूर झकास दिसतो. भिंतीसमोर मात्र त्याच्या कडांना काळसर, मळकट पट्टा येतो. मग लोक स्लायडर आणखी उजवीकडे ओढतात. पट्टा कमी होतो, पण त्यासोबत धुराच्या नाजूक तारा निघून जातात आणि उरतो तो कापसाचा बोळा.

यामागचं कारण आकड्यांत स्पष्ट दिसतं. धुराच्या पातळ कडेचा एक पिक्सेल घ्या. तिथे धूर फक्त तीस टक्के आहे, बाकी मागचा काळा रंग. धुराचा स्वतःचा रंग २२० धरला, तर फोटोत त्या पिक्सेलची किंमत होते ६६. म्हणजे तो पिक्सेल मुळातच गडद करडा आहे, त्याच्या पोटात काळं मिसळलेलं आहे. ब्लेंड इफ त्याला अर्धवट पारदर्शक करतं, पण त्याचा रंग बदलत नाही. २०/१०० च्या हिशोबाने तो सुमारे अठ्ठावन्न टक्के दिसणार. २०० च्या भिंतीवर ६६ चा करडा रंग अठ्ठावन्न टक्के लावला, की उत्तर येतं सुमारे १२३. खऱ्या धुराने भिंत तिथे २०६ च्या आसपास दिसली असती. १२३ आणि २०६ यांतला हा फरक म्हणजेच तो मळकट पट्टा. स्लायडर कितीही फिरवला तरी तो पूर्ण जात नाही, कारण दोष पारदर्शकतेत नसून रंगात आहे.

आता तोच पिक्सेल Screen मध्ये बघा. २०० च्या भिंतीवर तो २१४ च्या आसपास येतो आणि ४० च्या चुलीवर ९६ च्या. दोन्ही ठिकाणी खऱ्या धुराच्या जवळ. म्हणून काळ्यावर टिपलेल्या धुरासाठी पहिली पायरी मोड Screen करणं हीच आहे. ब्लेंड इफचं काम तिथे लहान पण नेमकं असतं: पार्श्वभूमीतली जी ६ ते १८ किंमतीची उरलेली करडी झाक Screen मुळे सगळ्या फोटोवर पातळ पडद्यासारखी चढते, ती काढून टाकणं. यासाठी Gray वर २०/४५ एवढं पुरतं. दोन आकड्यांमधलं अंतर कमी ठेवा, कारण पातळ धूर विरवण्याचं काम Screen स्वतः करतो आहे. ब्लेंड इफने तेच पुन्हा केलं तर धूर दोनदा पातळ होतो.

पण Screen ची एक मर्यादा आहे. तो फक्त उजळ करतो. भिंत २०० ची आणि धूर २२० चा असेल तर धूर जेमतेम जाणवतो. आणि काळा, डांबरी धूर हवा असेल तर Screen मध्ये तो मिळणंच शक्य नाही. अशा वेळी मी जी पद्धत वापरतो ती जरा लांबची आहे, पण एकदा केली की धुराचा असा लेयर हातात येतो जो कुठेही चालतो.

ओव्हरलेचा मोड Normal ठेवा. This Layer वर Gray मध्ये काळा त्रिकोण दुभंगून डावा भाग २० वर ठेवा आणि उजवा भाग धुराच्या सर्वांत उजळ जागेच्या किमतीपर्यंत न्या. वरच्या उदाहरणात तो सुमारे २१० येईल. पडद्यावर हे आत्ता मळकटच दिसेल, त्याची काळजी करू नका. दोन आकड्यांत एवढं अंतर ठेवल्याने प्रत्येक पिक्सेल जितका उजळ तितका दिसू लागतो, म्हणजे धूर जिथे जितका दाट होता तितकीच त्याची अपारदर्शकता ठरते. आपल्याला इथून फक्त ही पारदर्शकता हवी आहे, रंग नंतर बदलायचा आहे.

मग ओव्हरलेच्या लगेच खाली एक रिकामा नवा लेयर घ्या. ओव्हरले आणि रिकामा लेयर असे दोन्ही निवडा आणि `Ctrl+E` दाबून एकत्र करा, मॅकवर `Cmd+E`. आता ब्लेंड इफने लपवलेला भाग खरोखर पारदर्शक झाला. या लेयरवर स्लायडर परत फिरवून काही मिळणार नाही, म्हणून एकत्र करण्याआधी मूळ ओव्हरलेची एक प्रत काढून बंद करून ठेवा. त्यानंतर लेयर पॅनेलच्या वरच्या बाजूला कुलपांच्या ओळीत पारदर्शक पिक्सेल लॉक करणारं पहिलं बटण दाबा, फोरग्राउंड रंग फिकट करडा घ्या, साधारण २२०, आणि `Alt+Backspace` ने भरा. मळकट कडा एका क्षणात गायब होतात. धुराचा आकार, त्याच्या तारा, सगळं तसंच राहतं आणि पोटातलं काळं निघून जातं.

चुन्याच्या भिंतीसमोर धूर उठून दिसायला हवा असेल, तर रंग २२० ऐवजी १४० भरा. टायर जळल्यासारखा काळा धूर हवा असेल तर ३० भरा. काळ्यावर टिपलेल्या पांढऱ्या धुरापासून काळा धूर तयार करायची ही माझ्या माहितीतली सर्वांत स्वच्छ पद्धत आहे. एक उणीव आहे: सगळीकडे एकच रंग भरल्याने दाट ढगुळ्यांच्या आतल्या सावल्या जातात. पातळ, तारेदार धुराला ते चालतं. दाट लोटाला चालत नाही, तिथे वर मूळ ओव्हरलेची प्रत Soft Light मध्ये कमी ओपॅसिटीने ठेवली की थोडी घडण परत येते.

पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा गडद धूर किंवा पाण्यात सोडलेली शाई असेल तर सगळं उलट बाजूने करायचं. मोड Multiply, आणि This Layer चा पांढरा त्रिकोण दुभंगून २१५/२४० च्या आसपास. पांढऱ्या कागदाची किंमत कोपऱ्यांत २४२ सुद्धा निघते, तेव्हा उजवा आकडा त्याखालीच हवा.

मशालीची आग: Gray ने ज्वाळेची टोकं जातात

आगीला Screen मोड चपखल बसतो, कारण आग स्वतःच प्रकाश आहे. तरीही चौकोनाची झाक इथे जास्त खटकते, कारण आगीचे ओव्हरले बहुधा रात्रीच्या गडद फोटोवर ठेवले जातात आणि गडद भागात १० ची किंमतही डोळ्याला दिसते. म्हणून ब्लेंड इफ लागतंच. नेमकं इथेच सवयीने Gray वर काम केलं जातं आणि ज्वाळेची लालसर टोकं नाहीशी होतात. आग उरते ती पिवळट, आखूड आणि कापलेल्या कडांची.

Gray म्हणजे तीन चॅनेलची साधी सरासरी नव्हे. डोळ्याला उजेड जसा जाणवतो तसं वजन त्यात असतं: लालला सुमारे तीस टक्के, हिरव्याला एकोणसाठ, निळ्याला अकरा. ज्वाळेच्या कडेचा एक पिक्सेल घ्या, R १२०, G २०, B ०. त्याचं Gray येतं सुमारे ४८. टोकाकडचा त्याहून गडद पिक्सेल घ्या, R ६०, G ८, B ०. त्याचं Gray फक्त २३ च्या जवळ. आता Gray वर २०/६० ठेवलं तर पहिला पिक्सेल सत्तर टक्के राहतो आणि दुसरा जेमतेम सात टक्के. म्हणजे ज्वाळेचं टोक गेलंच.

तेच २०/६० Blend If शेजारच्या यादीतून Red निवडून ठेवा. पहिल्या पिक्सेलचा लाल १२०, दुसऱ्याचा ६०, म्हणून दोघंही पूर्ण राहतात. पार्श्वभूमीचा लाल ८ च्या आसपास आहे, तो पूर्ण जातो. आगीत लाल चॅनेल गाभ्यापासून टोकापर्यंत पार्श्वभूमीच्या बराच वर असतो, म्हणून आग आणि काळं यांच्यात सर्वांत रुंद दरी लाल चॅनेलमध्येच असते. ब्लेंड इफमध्ये चॅनेल निवडायचा तो याच कसोटीवर: हवी असलेली वस्तू आणि नको असलेली पार्श्वभूमी यांच्या आकड्यांत सर्वांत मोठा फरक कुठे आहे?

Red निवडण्यापूर्वी Gray मधले स्लायडर परत टोकाला न्यायला विसरू नका. प्रत्येक चॅनेलची मांडणी वेगळी साठवली जाते आणि सगळ्या एकत्र लागू होतात. Gray मध्ये काही राहून गेलं असेल तर Red मध्ये कितीही जपलं तरी टोकं परत येत नाहीत, आणि यादीत Red दिसत असल्याने कारण सापडत नाही. Alt दाबून धरलं की Cancel चं Reset होतं. पण त्याने चौकट उघडल्यानंतरचे सगळेच बदल जातात, आणि आधी OK करून ठेवलेलं Gray मात्र तसंच राहतं, ते हातानेच टोकाला न्यावं लागतं.

झाक पूर्ण गेली का, हे नुसतं बघून ठरवू नका. सगळ्यांत वर एक Levels चा ॲडजस्टमेंट लेयर घाला आणि त्याचा उजवा पांढरा त्रिकोण डावीकडे ६० पर्यंत आणा. फोटोतला सगळा अंधार उजळतो आणि ओव्हरलेची सरळ कड कुठे उरली असेल तर लगेच दिसते. JPEG ओव्हरले असेल तर काळ्या भागात आगीच्या आसपास बारीक चौकटीही दिसतील. त्या ज्या किमतीवर दिसतात, तिच्या वर डावा आकडा न्या. काम झालं की हा Levels काढून टाका. ही तपासणी १०० टक्के झूमवर करा, `Ctrl+1` ने तो मिळतो, कारण लहान झूमवर पातळ कडा वेगळ्या दिसू शकतात.

भर दुपारच्या फोटोत आग बसत नाही, हे मात्र मान्य करावं लागतं. मागची भिंत २३० ची असेल तर Screen मध्ये आग चढायला जागाच उरत नाही. तिथे ब्लेंड इफ काही करू शकत नाही. आधी खालचा फोटो Curves ने संध्याकाळच्या उजेडापर्यंत उतरवा, मग आग ठेवा.

किल्ल्यामागचे ढग: दोन्ही पट्ट्यांचं काम

एप्रिल-मेमध्ये सह्याद्रीत काढलेल्या फोटोंत आकाश बरेचदा धुरकट आणि कोरं असतं. काळ्या बेसॉल्टचा बुरूज, त्यावर भगवा, मागे फिकट पांढुरकं आकाश. तिथे पावसाळी पांढरे ढग आणायचे आहेत. ढगांचा फोटो मात्र काळ्यावर नाही, निळ्या आकाशावर आहे.

या ढगांच्या फोटोत आकडे वाचा. निळं आकाश R ७०, G १२०, B १९० असं निघालं आणि ढग R २३५, G २३८, B २४२. निळ्या चॅनेलमध्ये फरक फक्त ५२ चा आहे, Gray मध्ये सुमारे १२५ चा, आणि लाल चॅनेलमध्ये १६५ चा. आकाश निळं आहे म्हणून Blue निवडावंसं वाटतं, पण निळ्या चॅनेलमध्ये आकाश आणि ढग दोन्ही उजळच असतात. लाल चॅनेलमध्ये निळं आकाश बरंच गडद असतं आणि ढग पांढरे. म्हणून Red, This Layer, काळा त्रिकोण ९५/२००. आकाश निघून जातं, ढग राहतात.

ढगाच्या पातळ कडांना निळसर छटा राहील, धुराच्या काळ्या पोटासारखीच. इलाजही तोच: खाली रिकामा लेयर, `Ctrl+E`, मग `Ctrl+U` ने Hue/Saturation उघडून सॅच्युरेशन बरंच खाली आणा. संध्याकाळचे रंगीत ढग असतील तर हे चालणार नाही. तिथे छटा थोडी सहन करावी लागते किंवा फोटोच बदलावा लागतो. ढगांच्या फोटोत क्षितिजाजवळचं आकाश फिकट असेल, तर तिथे लाल १६५ पर्यंत चढलेला असतो आणि स्लायडरला ते ढगच वाटतात. अशा फोटोचा फक्त वरचा भाग वापरा.

आता दुसरी पट्टी. ढग बुरुजाच्या मागे जायला हवेत. सॅच्युरेशन उतरवलेल्या ढगांच्या लेयरची Blending Options पुन्हा उघडा आणि Underlying Layer चा काळा त्रिकोण उजवीकडे न्या. इथेही चॅनेलचा प्रश्न आहेच. बेसॉल्ट सगळ्या चॅनेलमध्ये गडद, साधारण ६० ते ९०, त्यामुळे तो Gray वर ११०/१७० ठेवूनही सुटतो. पण भगवा बघा: R २४०, G १२०, B २०. Gray मध्ये तो १४५ येतो, म्हणजे ११०/१७० च्या मधोमध पडतो आणि त्यावर निम्मा ढग चढतो. झेंडा धुवट, पांढुरका दिसू लागतो. Blue निवडलं तर भगव्याची किंमत २० आहे, आकाशाची २२० च्या जवळ. तेच ११०/१७० Blue मध्ये ठेवलं की झेंड्यावर ढगाचा थेंबही चढत नाही. झेंड्याची फडफडती कड पेन टूलने कापायची वेळ येत नाही आणि तिचा मऊपणाही टिकतो.

बुरुजावर चुन्याने रंगवलेलं देऊळ असेल, किंवा उन्हात चमकणारा पत्रा असेल, तर तो निळ्या चॅनेलमध्येही आकाशाइतकाच उजळ असतो. ब्लेंड इफला देऊळ आणि आकाश यांतला फरक कळत नाही, त्याला फक्त किंमत कळते. अशा जागी ढगांच्या लेयरला मास्क लावा आणि काळ्या ब्रशने तेवढाच भाग झाका. मास्क आणि ब्लेंड इफ एकाच लेयरवर बिनतक्रार चालतात. बाकी कड ब्लेंड इफने सुटलेली असल्याने मास्कचं काम दोन-चार फटक्यांत उरकतं.

पांढुरक्या आकाशावर पांढरे ढग फारसे दिसणार नाहीत, हेही ध्यानात घ्या. खालचं आकाश २०० ते २२० चं आणि ढग २३५ चा, म्हणजे फरक जेमतेम. आधी Curves च्या ॲडजस्टमेंट लेयरने आकाश थोडं गडद आणि निळसर करून घ्या. हा Curves ढगांच्या खाली असेल तर Underlying Layer त्याचा परिणाम धरून मोजतं, म्हणून Curves बदलल्यावर खालची पट्टी पुन्हा जुळवावी लागते. क्रम साधा ठेवा: आधी आकाश, मग ढग, शेवटी Underlying.

स्मार्ट ऑब्जेक्ट आणि छपाई

ब्लेंड इफ लावलेला लेयर नंतर स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये बदलला, तर This Layer चं काम आत जाऊन टिकतं, पण Underlying Layer ला आत खालचा फोटोच नसतो, त्यामुळे ढग पुन्हा बुरुजावर चढलेले दिसतात. म्हणून ओव्हरले आणताच आधी स्मार्ट ऑब्जेक्ट करा आणि ब्लेंड इफ त्याच्या वर, बाहेर लावा. मग ओव्हरलेचा आकार लहान-मोठा करून बघितला तरी स्लायडर जागेवर राहतात. `Ctrl+E` ने एकत्र करायचं असेल तिथेही Underlying Layer एकत्र केल्यानंतरच लावा, आधी लावलेलं त्यात वाहून जातं.

फ्लेक्स किंवा पत्रिकेसाठी फाइल CMYK मध्ये द्यायची असेल, तर हे सगळं काम RGB मध्ये पूर्ण करा. CMYK मध्ये Blend If च्या यादीत Red, Green, Blue नसतात. तिथे Cyan, Magenta, Yellow आणि Black येतात, आणि वरचे आकडे तिथे लागू होत नाहीत. Screen चं गणितही शाईच्या चॅनेलमध्ये वेगळं उतरतं, आग फिकी पडते. लेयर असलेली RGB फाइल जपून ठेवा, तिची प्रत काढा, प्रत फ्लॅटन करा आणि मगच तिचं CMYK करा. रूपांतर करताना लेयर एकत्र करायचे का असं फोटोशॉप विचारतं, तेव्हा लेयर तसेच ठेवले तर पडद्यावर जुळवलेली आग आणि छापून आलेली आग यांत फरक पडू शकतो.

फोटोशॉप नसेल तर ब्राउझरमध्ये चालणाऱ्या Photopea मध्येही लेयर स्टाइलच्या चौकटीत Blend If आहे आणि त्रिकोण तसेच दुभंगतात. Affinity Photo मध्ये हेच काम Blend Ranges नावाने दोन आलेखांवर करावं लागतं. तिथे बिंदू वर-खाली करून उतार बनवायचा असतो, पण चॅनेल निवडायची कसोटी आणि वरचे आकडे काढायची रीत तीच राहते.